रेझ्युमेच्या वरच्या चार ओळींत आजार किंवा अपंगत्व लिहायचं का, आणि लिहायचं तर कसं

रेझ्युमेवर नावाच्या खाली तीन ते पाच ओळींचा जो परिच्छेद असतो, त्याला प्रोफेशनल समरी म्हणतात. नोकरी डॉट कॉमवर तो प्रोफाइल समरी या नावाने भरायचा असतो, लिंक्डइनवर अबाउट या नावाने. कायमचा आजार किंवा अपंगत्व असलेली मुलं पहिल्यांदा अर्ज करायला बसतात तेव्हा त्यांचा हात बहुतेक वेळा इथेच अडतो. लिहिलं तर बोलावणारच नाहीत अशी भीती असते. न लिहावं तर आपण काहीतरी लपवतोय असं वाटत राहतं.

यात खरं तर दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. कंपनीला सांगायचं का, हा एक. या चार ओळींत सांगायचं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पुष्कळदा ‘हो’ असतं आणि दुसऱ्याचं बहुतेकदा ‘नाही’. खालच्या पायऱ्या हे दोन प्रश्न वेगळे करण्यासाठी आहेत. शेवटपर्यंत एकच उदाहरण सोबत ठेवू, म्हणजे प्रत्येक पायरीवर नेमकं काय करायचं ते दिसेल.

चंद्रपूर जिल्ह्यातली एक मुलगी धरू. बी.कॉम. झालेली, एका कर सल्लागाराकडे दोन वर्षं टॅली आणि जीएसटीचं काम केलेली. तिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार घरोघरी ठाऊक असतो, पुण्या-मुंबईच्या एचआरने कदाचित नावही ऐकलेलं नसतं. मागच्या वर्षी वेदनांचे झटके लागोपाठ आल्यामुळे तिने सात महिने काम थांबवलं होतं. आता तिला नागपूर किंवा पुण्यात अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची नोकरी हवी आहे.

पहिली पायरी: कागदावर तीन रकाने आखा

कॉम्प्युटर उघडण्याआधी एका कागदावर तीन रकाने आखा. निदान, कामावर होणारा परिणाम, आणि गरज. आपण बोलताना या तिन्ही गोष्टी ‘माझा आजार’ या एकाच शब्दात कोंबतो आणि मग सगळं सांगायचं किंवा काहीच नाही, असे दोनच मार्ग दिसतात. वेगळ्या लिहिल्या की कळतं, प्रत्येकीचा ऐकणारा वेगळा आहे.

चंद्रपूरच्या मुलीच्या पहिल्या रकान्यात येईल: सिकलसेल आजार, एसएस. (घरात कुणी एएस, म्हणजे फक्त वाहक असेल, तर त्याने रेझ्युमेचा विचारच करू नये. वाहक असणं म्हणजे आजार असणं नव्हे आणि कायद्याच्या लेखी ते अपंगत्वही नाही.)

दुसऱ्या रकान्यात: वर्षातून काही वेळा हाडांत आणि सांध्यांत तीव्र वेदना होतात, त्या वेळी दोन-चार दिवस काम बंद, कधी दवाखान्यात भरती. मधल्या काळात काम इतरांसारखंच.

तिसऱ्यात: एसीच्या थेट झोताखाली जागा नको, कारण थंडीने झटका ओढवतो. पाणी हाताशी हवं, कारण शरीरातलं पाणी कमी झालं तरी तोच धोका. झटक्याच्या दिवशी रजा किंवा घरून काम. आणि एक गोष्ट तिच्या कामातून आलेली: दरमहा रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला असते आणि ३बी ची २० तारखेला. त्या दिवसांत ती आजारी पडली तर फाइल दुसऱ्या कुणाला तरी उघडता आली पाहिजे.

तिसरा रकाना लिहिताना ‘समजून घ्यावं’, ‘सांभाळून घ्यावं’ असं मोघम लिहू नका. मॅनेजरला ज्यावर ‘हो, होईल’ असं उत्तर देता येतं तीच गरज. खुर्ची बदलून देता येते, लॉगिन दुसऱ्यालाही देता येतं. सांभाळून घेणं म्हणजे नेमकं काय करायचं, हे समोरच्याला कळत नाही आणि मग तो सर्वांत वाईट शक्यता मनात धरतो.

आता तिन्ही रकाने बघा आणि समरी कशासाठी असते ते आठवा. वाचणाऱ्याला तिथे चारच गोष्टी हव्या असतात: तुम्ही काय काम करता, किती वर्षं, कोणत्या साधनांवर, आणि कोणती जागा शोधताय. निदान यातल्या कशाचंच उत्तर देत नाही. ते डॉक्टर, वैद्यकीय मंडळ आणि विम्याच्या फॉर्मसाठी आहे. गरज महत्त्वाची आहे, पण ती कामाचं बोलणं सुरू झाल्यावरची.

दुसरी पायरी: कायद्यात तुम्ही कुठे बसता ते आधी तपासा

हे केल्याशिवाय निर्णय घेऊ नका. ‘दिव्यांग’ हा शब्द रेझ्युमेवर लिहिल्याने कोणता दरवाजा उघडतो, ते प्रत्येकाच्या बाबतीत सारखं नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. अंधत्व, बहिरेपण, चालण्या-हलण्यातलं अपंगत्व हे सगळ्यांना माहीत असतात. पण सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, मानसिक आजार, स्वमग्नता आणि डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमताही त्यात आहेत. मधुमेह, दमा, थायरॉइड, मूत्रपिंडाचे विकार मात्र त्या यादीत नाहीत. डायलिसिसवर असलेल्या माणसाचा त्रास कमी असतो असं मुळीच नाही, पण ‘दिव्यांग’ या नावाने मिळणारे लाभ त्याला त्या आजारासाठी मागता येत नाहीत. म्हणून यादीबाहेरच्या आजाराचं नाव समरीत लिहून जवळजवळ काहीच हाती लागत नाही, जोखीम मात्र पूर्ण घ्यावी लागते.

यादीत असलात तरी पुढे ४० टक्क्यांची रेषा आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अपंगत्व असेल तर आरक्षणासारखे लाभ मिळतात. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांचा अर्ज swavlambancard.gov.in वर करता येतो. ४० टक्क्यांच्या खाली असलेल्यांना काहीच हक्क नाहीत असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं की परीक्षेत लेखनिक मिळणं यासारखी वाजवी सोय ४० टक्क्यांच्या रेषेला बांधलेली नाही.

आता एक बारीक गोष्ट, जी बऱ्याच जणांना खिडकीवर पोचल्यावर कळते. सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण २१ च्या २१ प्रकारांना नाही. ते दृष्टी, श्रवण, चलनविषयक (यात सेरेब्रल पाल्सी, बरा झालेला कुष्ठरोग, बुटकेपणा, अॅसिड हल्ला आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी येतात), तसंच स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता व मानसिक आजार, आणि या सगळ्यांतलं बहुविकलांगत्व एवढ्यांनाच आहे. रक्ताचे आजार त्यात नाहीत. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या मुलीला ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल तर कॉलेजच्या प्रवेशात पाच टक्क्यांच्या कोट्याचा हक्क होता, पण सरकारी नोकरीच्या त्या चार टक्क्यांत निव्वळ सिकलसेलसाठी जागा नाही. हा फरक अन्यायाचा वाटतो, मलाही वाटतो. पण आज निर्णय याच नियमांत घ्यायचा आहे.

ज्यांना सरकारी आरक्षण आहे त्यांच्यासाठी समरीचा प्रश्नच येत नाही. तिथे रेझ्युमे नसतो, फॉर्म असतो. त्या फॉर्मातला दिव्यांगत्वाचा रकाना भरलाच पाहिजे, कारण अर्जात न मागितलेलं आरक्षण नंतर मागणं फार अवघड जातं.

खासगी क्षेत्रात कोटा नाही. पण कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं आहे, आणि वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कंपनीच्या धोरणात कोणत्या सोयी देणार, कोणती पदं योग्य ठरवली आहेत, या कामासाठी संपर्क अधिकारी कोण, हे सगळं यायला हवं. कंपनीच्या वेबसाइटवर हे धोरण शोधा. अपंगत्व सांगितल्यावर तिथे काय होईल, याचा हा तुमच्या हाती असलेला पहिला ठोस पुरावा. धोरणात अधिकाऱ्याचा ईमेल दिलेला असेल तर कुणीतरी त्यावर विचार केलेला आहे. धोरण सापडतच नसेल, किंवा कुठूनतरी उतरवलेला एक परिच्छेद असेल, तर तिथे उगीच आधी सांगू नका.

तिसरी पायरी: समरीत जागा मिळण्याच्या दोनच वाटा

आधी जोखीम किती ते पाहू. अमेरिकेत रटगर्स आणि सिरॅक्यूज विद्यापीठांच्या संशोधकांनी अकाउंटिंगच्या नोकऱ्यांसाठी सुमारे सहा हजार काल्पनिक अर्ज पाठवून पाहिले. काही अर्जांसोबतच्या पत्रात पाठीच्या कण्याची इजा किंवा अॅस्पर्जर्स हा स्वमग्नतेचा प्रकार असल्याचा उल्लेख होता, बाकीच्यांत नव्हता. हिशेबाच्या कामाला दोन्हींचा अडथळा होणार नाही, अशी ती निवडलेली होती. उल्लेख असलेल्या अर्जांना २६ टक्के कमी प्रतिसाद मिळाला. हा अभ्यास २०१५ मध्ये बाहेर आला. तो इथला नाही, आकडा जसाच्या तसा इथे लावू नये. पण पहिल्या चाळणीत, माणसाशी एक शब्दही बोलण्याआधी गळती होते, एवढं त्यातून स्पष्ट दिसतं. समरी हीच पहिली चाळणी आहे.

तरी दोन परिस्थितींत ती गोष्ट समरीत लिहिणं योग्य, आणि कधी कधी आवश्यकही असतं.

पहिली, जागाच दिव्यांग उमेदवारांसाठी असते. जाहिरातीत तसं लिहिलेलं असेल, किंवा दिव्यांगांसाठीच्या रोजगार मेळाव्यात किंवा अशा संस्थेमार्फत अर्ज जात असेल, तर वाचणारा ती माहिती शोधतच असतो. तिथे न लिहिलं तर अर्ज बाजूला पडतो.

दुसरी, तुमच्या अनुभवातूनच तुमचं कौशल्य आलेलं असतं आणि त्या पदाला ते लागतं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारा अंध तरुण वेबसाइटच्या अॅक्सेसिबिलिटी टेस्टिंगसाठी अर्ज करतो, तेव्हा एनव्हीडीए किंवा जॉज हे स्क्रीन रीडर रोज वापरतो हे सांगणं म्हणजे टॅलीचा अनुभव सांगण्यासारखंच आहे. सांकेतिक भाषा शिकवणारी कर्णबधिर शिक्षिका, रुग्ण-समुपदेशक म्हणून अर्ज करणारा हिमोफिलियाचा रुग्ण, यांचंही तसंच. पण स्वतःला एक कठोर प्रश्न विचारा: जाहिरातीतल्या कोणत्या ओळीला हे उत्तर देतंय? ओळीवर बोट ठेवता आलं नाही तर ते वाक्य काढा. ‘आजाराने मला चिकाटी शिकवली’ हे शंभर टक्के खरं असेल, पण कोणत्याच जाहिरातीत त्या ओळीची जागा नसते. वाचणाऱ्याच्या डोक्यात त्यातला फक्त ‘आजार’ राहतो.

तिसरी एक परिस्थिती असते, पण तिची जागा समरीत नाही, संपर्काच्या ओळीत आहे. आपल्याकडे भरती करणारे आधी सरळ फोन लावतात. कर्णबधिर उमेदवाराला तो फोन घेता येत नाही, आणि ‘उत्तर देत नाही’ म्हणून नाव कटतं. त्याने मोबाइल नंबराशेजारीच लिहावं: ‘कृपया व्हॉट्सअॅप मेसेज किंवा ईमेल करा.’ एवढं पुरतं. कारण देण्याची गरज नाही. खूप अडखळत बोलणाऱ्यांनाही हीच ओळ उपयोगी पडते.

चंद्रपूरची मुलगी दोन्हींपैकी कशातही बसत नाही. जाहिरात साधी आहे, आणि सिकलसेलमुळे तिचं जीएसटीचं ज्ञान वाढलेलं नाही. म्हणून समरीत उल्लेख नाही. निर्णय झाला.

चौथी पायरी: लिहा, खोडा, पुन्हा लिहा

रेझ्युमे इंग्रजीत जाणार असला तरी पहिला मसुदा मराठीत करा. आपण नेमकं काय म्हणतोय ते आधी स्वतःला कळतं, आणि इंटरनेटवरून उचललेली ठोकळेबाज वाक्यं कमी येतात. तिचा पहिला मसुदा असा होता असं समजा:

‘मी एक मेहनती आणि प्रामाणिक बी.कॉम. पदवीधर आहे. सिकलसेलसारख्या आजाराशी झुंज देत मी दोन वर्षं काम केलं. आरोग्याच्या कारणामुळे सात महिने खंड पडला, पण आता मी पूर्णपणे बरी आहे. संधी मिळाल्यास जबाबदारी नक्की पार पाडीन.’

यात चार वाक्यं आहेत आणि टॅली, जीएसटी हे शब्द एकदाही नाहीत. शोधणारा सॉफ्टवेअरमध्ये हेच शब्द टाकून शोधतो, म्हणजे तिचा रेझ्युमे वरच येणार नाही. दुसरं, ‘पूर्णपणे बरी आहे’ हे खरं नाही. नोकरी लागल्यावर दोन महिन्यांनी झटका आला तर रजेपेक्षा त्या खोट्या शब्दाची चर्चा जास्त होईल. कायमच्या आजारात ‘बरी झाले’ असं कधीही लिहू नका. ‘पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध’ एवढंच लिहा, ते खरं असेल तर. तिसरं, ‘झुंज देत’ आणि ‘संधी मिळाल्यास’ या शब्दांनी अर्जाची विनंती होते. तिने दोन वर्षं मोलाचं काम केलंय, विनंती कशाला?

दुसरा मसुदा:

‘अकाउंट्स आणि जीएसटीचा दोन वर्षांचा अनुभव. टॅली प्राइममध्ये रोजच्या नोंदी, बँक ताळमेळ, खरेदी नोंदींची जीएसटीआर-२बीशी पडताळणी, जीएसटीआर-१ आणि ३बी दाखल करणं. व्यापारी आणि छोटे उत्पादक असे अठरा ग्राहक सांभाळले, सर्व रिटर्न मुदतीत. नागपूर किंवा पुण्यात अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह म्हणून पूर्णवेळ काम हवं आहे.’

‘सर्व रिटर्न मुदतीत’ हे तीन शब्द बघा. आजारी माणसाबद्दल मालकाच्या मनात असलेली खरी शंका ‘वेळेवर काम होईल का’ हीच असते. आजाराचा उल्लेख न करता त्या शंकेला पुराव्यानिशी उत्तर इथे मिळतं. तुमच्या दुसऱ्या रकान्यातल्या परिणामावरून समोरच्याला कोणती भीती वाटेल ते ओळखा, आणि समरीत त्या भीतीला खोडून काढणारं एक खरं काम लिहा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत उपयोगी युक्ती आहे.

जिथे उल्लेख करायचाच आहे, तिथेही क्रम तोच. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या तरुणाचं असं होईल:

‘वेब आणि मोबाइल अॅपच्या अॅक्सेसिबिलिटी टेस्टिंगचा एक वर्षाचा अनुभव. एनव्हीडीए आणि टॉकबॅक रोजच्या वापरातले. स्वतः अंध असल्याने फॉर्म, ओटीपी आणि पेमेंटच्या पानांवरचे अडथळे वापरकर्त्याच्या बाजूने ओळखतो. त्रुटींचा अहवाल डब्ल्यूसीएजीच्या निकषांनुसार देतो.’

काम आधी, अपंगत्व मध्ये आणि तेही कामाला जोडून, आणि शेवटी पुन्हा काम. टक्केवारी नाही, कारण नाही, जन्मतः की नंतर हेही नाही. दिव्यांगांसाठीच्याच जागेला अर्ज असेल तर समरीच्या शेवटी एक स्वतंत्र ओळ पुरते: ‘चलनविषयक दिव्यांगत्व, यूडीआयडी प्रमाणपत्र उपलब्ध.’ कार्डाचा क्रमांक किंवा त्याची झेरॉक्स रेझ्युमेला जोडू नका, मागतील तेव्हा द्या.

पाचवी पायरी: मग सांगायचं कुठे

समरीतून काढलेली गोष्ट हवेत विरत नाही. तिला योग्य जागा द्यावी लागते, आणि ती जागा तिसरा रकाना ठरवतो. गरज कधी लागणार, तिच्या थोडंसं आधी सांगायचं.

मुलाखतीलाच गरज असेल, उदाहरणार्थ व्हीलचेअर आणि ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, तर मुलाखतीचं बोलावणं आल्यावर त्याच ईमेलला उत्तर द्या: ‘मी व्हीलचेअर वापरतो. लिफ्ट आणि पायऱ्यांशिवायचं प्रवेशद्वार आहे का ते कृपया कळवावं. नसल्यास तळमजल्यावर किंवा ऑनलाइन मुलाखत चालेल.’ लेखी परीक्षेला जास्त वेळ लागणार असेल तरी हाच टप्पा.

गरज कामावर रुजू झाल्यावरची असेल तर ऑफर लेटर हातात आल्यावर सांगा, राजीनामा देण्याआधी किंवा घर बदलण्याआधी. आपली मुलगी एचआरला असं लिहू शकते:

‘ऑफरबद्दल आभार. मला एक दीर्घकालीन आरोग्यस्थिती आहे, तिचं प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. रोजच्या कामावर तिचा परिणाम होत नाही. वर्षातून काही वेळा दोन-चार दिवस रजा किंवा घरून काम लागू शकतं. एसीपासून दूरची जागा मिळाली तर मदत होईल. ११ आणि २० तारखेआधी माझ्या फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये अद्ययावत राहतील, म्हणजे मी नसताना सहकाऱ्याला काम पुढे नेता येईल. याबद्दल बोलायला मला आवडेल.’

आजाराचं नाव इथेही नाही. विचारलं तर सांगायचं की नाही ते तिने ठरवावं. प्रमाणपत्र दाखवून सोय मागणार असेल तर ते नाव प्रमाणपत्रावर असणारच. हे तोंडी बोलली तरी नंतर ईमेल पाठवावा. मॅनेजर बदलला की तोंडी कबुली त्याच्याबरोबर जाते. आणि सोय करून देण्याचा खर्च दिव्यांग कर्मचाऱ्याकडून मागता येत नाही, असं २०१७ च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. खुर्ची किंवा सॉफ्टवेअर ‘तुमचं तुम्ही घ्या’ म्हणाले तर हा नियम नम्रपणे दाखवता येतो. सरकारी आस्थापनेवर वाजवी सोय देण्याचं बंधन थेट आहे. खासगी कंपनीत बरंचसं तिच्या धोरणावर चालतं, म्हणून ते धोरण आधी वाचायला सांगितलं.

एक सीमा इथे लक्षात ठेवा. स्वतःहून न सांगणं वेगळं आणि थेट प्रश्नाला खोटं उत्तर देणं वेगळं. रुजू होताना वैद्यकीय घोषणापत्र भरायला दिलं, त्यात ‘कोणता आजार आहे का’ असा प्रश्न असला आणि खाली ‘माहिती खोटी आढळल्यास नोकरी जाऊ शकते’ असं छापलेलं असलं, तर तिथे खरं लिहा. गट आरोग्य विम्याच्या फॉर्ममध्येही खरंच लिहायचं. अपवाद एचआयव्हीचा: २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्यानुसार नोकरीसाठी ती चाचणी किंवा माहिती सक्तीने मागता येत नाही. मुलाखतीत तब्येतीबद्दल विचारण्यावर आपल्याकडे ब्रिटन-अमेरिकेसारखी स्पष्ट मनाई नाही, म्हणून उत्तर घरूनच तयार करून जा: ‘या कामाच्या जबाबदाऱ्या मी पार पाडू शकते. काही सोय लागली तर ती मी ऑफरच्या वेळी सांगेन.’ तिकडे अर्ज करणाऱ्या मराठी मुलांनी मात्र इथली सवय नेऊ नये. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने ऑफरआधी असे प्रश्न विचारण्यावर बऱ्याच मर्यादा आहेत आणि अमेरिकेतही ऑफरच्या आधी आजार विचारता येत नाही. तिथल्या फॉर्मातला अपंगत्वाचा ऐच्छिक रकाना सहसा आकडेवारीसाठी वेगळा ठेवलेला असतो.

सहावी पायरी: कुठून गळतंय ते बघा

समरी स्वच्छ झाली तरी बाकीचा रेझ्युमे बोलत असतो. छपाईच्या दुकानात मिळणाऱ्या जुन्या बायोडेटामध्ये ‘आरोग्य: उत्तम’ अशी ओळ असते, जन्मतारीख आणि वैवाहिक स्थितीच्या शेजारी. ती कुणालाच नको असते, काढून टाका. दिव्यांग शिष्यवृत्ती, पॅरा स्पर्धेतलं पदक, रुग्ण संघटनेतलं स्वयंसेवक काम, या ओळींतूनही माहिती जाते. त्या काढाच असं नाही. पदक अभिमानाचं आहे, तुम्हाला हवं असेल तर ठेवा. पण ठेवताय हे जाणून ठेवा. संघटनेचं काम असेल तर नावाऐवजी कामाने लिहिता येतं: ‘एका आरोग्य संस्थेसाठी दोन रक्तदान शिबिरांचे हिशेब ठेवले.’

खंडाची जागा समरीत नाही, अनुभवाच्या यादीत आहे, जिथे तारखा असतात: ‘वैयक्तिक कारणास्तव विराम, सात महिने. या काळात टॅलीचा प्रगत अभ्यासक्रम पूर्ण केला.’ दुसरं वाक्य खरं असेल तरच लिहा. लिंक्डइनवर करिअर ब्रेकचा वेगळा प्रकार आहे आणि त्याच्या यादीत आरोग्याचा पर्यायही मिळतो. तो निवडणं बंधनकारक नाही.

लिंक्डइन आणि रेझ्युमे यांत मोठा फरक आहे. रेझ्युमे तुम्ही एकेकाला पाठवता, प्रोफाइल सगळ्यांना दिसतं. भावी मॅनेजरला दिसतं तसं जुन्या शिक्षकांना, नातेवाइकांना आणि स्थळं बघणाऱ्यांनाही दिसतं. सिकलसेलच्या बाबतीत हा मुद्दा आपल्याकडे फार गंभीर आहे, विशेषतः मुलींसाठी, आणि तो नोकरीपेक्षा आधी डोळ्यांसमोर येतो. रेझ्युमेचंही पूर्ण नियंत्रण राहत नाही. काकांनी ओळखीच्या साहेबांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेली पीडीएफ परत बोलावता येत नाही, आणि नोकरीच्या वेबसाइटवरून एजन्सीने उतरवून घेतलेली तर नाहीच. म्हणून शंका असेल तोपर्यंत लिहू नका. नंतर केव्हाही घालता येतं, घातलेलं काढता येत नाही.

दोन फाइली ठेवा. एक साधी, सगळीकडे जाणारी. दुसरी, उल्लेख असलेली, फक्त दिव्यांगांसाठीच्या जागांना आणि ज्यांचं धोरण तुम्ही वाचून पाहिलंय अशा कंपन्यांना. फाइलच्या नावात ‘दिव्यांग’ किंवा ‘पीडब्ल्यूडी’ असं काही लिहू नका, कारण ते नाव समोरच्यालाही दिसतं. स्वतःला ओळखू येईल अशी तारीख किंवा एखादं अक्षर पुरे. कोणती फाइल कुठे पाठवली ते वहीत टिपून ठेवा. मुलाखतीला जाण्याच्या आदल्या रात्री ती नोंद उघडून बघायची, म्हणजे समोरच्याला तुमच्याबद्दल काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे तुम्हाला नेमकं माहीत असतं.